मूल शाळा बदलतं तेव्हा: अनेक वर्षांच्या शालेय अभ्यासातली गळती कशी आवरायची

‘गळती’ म्हटलं की शिक्षणात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर शाळा सोडलेलं मूल येतं. पण एकाच तुकडीच्या मागे पाच-सहा वर्षं चालणाऱ्या संशोधनात गळती दोन प्रकारची असते. एक मूल शाळेतून गळतं, दुसरं आपल्या यादीतून गळतं. सातवीनंतर मंडप-डेकोरेशनच्या कामाला लागलेला मुलगा शाळेतून गळलेला असतो, पण आपण त्याच्या घरी जाऊन चाचणी घेतली तर अभ्यासात तो हजर आहे. उलट, आठवीला नव्या शाळेत जाऊन पहिला नंबर काढणारी मुलगी आपल्याला सापडलीच नाही, तर ती शाळेत आहे आणि अभ्यासातून गळली आहे.

हा लेख या दुसऱ्या गळतीबद्दल आहे. नागपुरात पाचवीत निवडलेली मुलं दहावीपर्यंत हातातून सुटू नयेत म्हणून काय करायचं, कोणत्या दिवशी करायचं, आणि तरीही काही सुटली तर आकड्यांचं काय करायचं, एवढाच विषय. मी बरीच वर्षं हे काम फील्डवर केलं आहे. पीएच.डी. किंवा संस्थेच्या प्रकल्पासाठी असा अभ्यास आखणारे बहुतेक जण गळतीचा विचार शेवटच्या वर्षी, रिपोर्ट लिहिताना करतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

आधी नुकसान नेमकं कुठे होतं ते पाहा

समजा, आपण 10 शाळांतली पाचवीची 600 मुलं घेतली. गणिताची 100 गुणांची चाचणी घेतली आणि सरासरी आली 51.6. आठवीत पुन्हा गेलो तेव्हा 480 मुलं सापडली, त्यांची सरासरी 54. कोणीही म्हणेल, मुलं थोडी पुढे गेली.

आता जुनी वही उघडून त्याच 480 मुलांचे पाचवीतले गुण वेगळे काढा. समजा, तेव्हाही त्यांची सरासरी 54 होती आणि जी 120 मुलं सुटली त्यांची 42. म्हणजे तीन वर्षांत त्या चाचणीवर कोणीच पुढे गेलं नाही. खालची मुलं यादीतून गळली आणि सरासरी आपोआप वर चढली. 2.4 गुणांची ती ‘प्रगती’ निव्वळ गळतीतून आलेली आहे.

हा बनवलेला हिशेब असला तरी दिशा खरी आहे. भाड्याच्या खोलीत राहणारं, बापाच्या कामामागे फिरणारं, घरात आजारपण किंवा भांडण असलेलं मूल सुटण्याची शक्यता जास्त असते, आणि नेमकं त्याच मुलाचं शिकणंही अडखळत असतं. आपल्या दोन गळत्या इथे एकमेकींत मिसळतात. म्हणून ‘20 टक्केच गेली, 80 टक्के तर आहेत’ या समाधानात अर्थ नाही. किती गेली यापेक्षा कोण गेली हे महत्त्वाचं. 30 टक्के मुलं सगळ्या थरांतून सारखी गेली तर नमुना लहान होतो, पण वाकडा होत नाही. 12 टक्केच गेली आणि सगळी एकाच थरातली असली, तर निष्कर्ष वाकडा होतो.

नमुन्याचा आकार ठरवतानाही हा हिशेब हाताशी ठेवा. दर वर्षी 8 टक्के मुलं सुटली तर पाचवी ते दहावी या पाच टप्प्यांनंतर 600 पैकी साधारण 395 उरतात. 4 टक्के सुटली तर 489. शेवटी 450 मुलं लागणार असतील आणि 75 टक्के टिकतील असं वाटत असेल, तर सुरुवात 600 ने करा. पण सुरुवातीला जास्त मुलं घेतल्याने फक्त संख्या भरून निघते. वाकडेपणा तसाच राहतो.

‘सुटलं’ हा एकच शिक्का पुरत नाही

पहिल्या फेरीआधीच कोड ठरवा. मूल त्या दिवशी गैरहजर होतं, मूल दुसरीकडे गेलं आणि पत्ता माहीत आहे, गेलं आणि पत्ता माहीत नाही, सापडलं पण पालकांनी किंवा मुलाने नाही म्हटलं, मूल दगावलं. या पाचांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. सगळ्यांसमोर ‘अनुपलब्ध’ लिहून ठेवलं की दोन वर्षांनी कोणालाच काही आठवत नाही.

यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत सोपा गट त्या दिवशीच्या गैरहजरांचा. चाचणीच्या दिवशी 40 पैकी 31 हजर असतात, सर्व्हेअर 31 पेपर घेऊन येतो आणि उरलेली नऊ नकळत गळतीत जमा होतात. नियम असा ठेवा: पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांच्या आत त्या शाळेत आणखी दोन फेऱ्या, वेगवेगळ्या वारी. तरीही न भेटलेल्यांच्या घरी. बाजाराच्या दिवशी गैरहजर असणारं मूल दर आठवड्याला त्याच दिवशी गैरहजर असतं. दोन्ही फेऱ्या त्याच वारी केल्या तर ते कधीच भेटणार नाही.

संपर्कपत्रक: सगळा खेळ पहिल्या दिवशीचा

दहावीत मूल सापडेल की नाही, हे बरंचसं पाचवीत भरलेल्या एका पानावर ठरतं. शाळेच्या रजिस्टरवरून उतरवलेला पत्ता आणि एक मोबाइल नंबर एवढंच त्या पानावर असेल तर दुसऱ्या वर्षीच अडचण सुरू होते. रजिस्टरमधला पत्ता पहिलीतल्या दाखल्याच्या वेळचा असतो. मोबाइल नंबर तर रिचार्ज न झाल्याने बंद पडतात, नवं सिम येतं, कधी तो नंबर शेजाऱ्याचाच असतो.

पत्रक घरी जाऊन भरायचं, आईसमोर बसून. शाळेत भरायचं नाही. त्यात काय असावं ते सविस्तर सांगते, कारण इथे घाई करणाऱ्यांना पुढे फार भोगावं लागतं.

मुलाचं शाळेतलं पूर्ण नाव आणि घरचं नाव, दोन्ही. रजिस्टरमधली ‘वैष्णवी’ वस्तीत कोणालाच माहीत नसते, ‘गुड्डी’ म्हटलं की चार जण हात दाखवतात. आईचं नाव आणि तिला वस्तीत कोणत्या नावाने हाक मारतात तेही. वडिलांचं काम नुसतं ‘मजुरी’ लिहू नका. कळमना मार्केटला हमाली, अमुक ठेकेदाराकडे सेंट्रिंग, हिंगण्याच्या एमआयडीसीत अमुक प्रकारच्या कंपनीत, इतकं नेमकं लिहा. घर स्वतःचं की किरायाचं, आणि किरायाचं असेल तर घरमालकाचा नंबर. घराच्या खुणा शब्दांत लिहा: बुद्धविहाराच्या मागची गल्ली, निळी टाकी, तिसरं दार. घर क्रमांकावर विसंबू नका.

त्यानंतर तीन बाहेरचे संपर्क. यातला शब्द ‘बाहेरचे’ आहे. त्याच घरातल्या मोठ्या भावाचा नंबर बाहेरचा नसतो, कारण घर हललं की तोही सोबत हलतो. एक संपर्क गावाकडचा हवा, शक्यतो आईच्या माहेरचा. कुटुंब कुठेही गेलं तरी मामाला ठाऊक असतं. दुसरा नागपुरातलाच, पण दुसऱ्या वस्तीतला नातेवाईक. तिसरा कुटुंब जिथे रोज जातं तिथला माणूस: किराणा दुकानदार, अंगणवाडीची ताई, चक्कीवाला.

प्रत्येक नंबरवर तिथेच बसून मिस कॉल द्या. चारातला एखादा नंबर चुकीचा उतरलेला सापडतोच, आणि तो त्याच क्षणी दुरुस्त होतो.

शेवटी एक साधा प्रश्न: ‘येत्या वर्षा-दोन वर्षांत इथून दुसरीकडे जायचा विचार आहे का? गेलात तर कुठे जाल?’ हा प्रश्न बऱ्याच पत्रकांत नसतो. पण याच उत्तराने कोणत्या कुटुंबाला लवकर-लवकर फोन करायचा ते कळतं. पुढे गळतीचं विश्लेषण करतानाही हेच उत्तर सर्वांत जास्त कामाला येतं.

हे पत्रक आणि मुलाच्या चाचणीची उत्तरं कधीही एका फाइलमध्ये ठेवू नका. दोन्हीकडे फक्त क्रमांक सारखा असावा, आणि नावाची यादी एकाच व्यक्तीच्या ताब्यात कुलपात असावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. त्यामुळे ‘मूल दुसरीकडे गेल्यास आम्ही या तिघांना फोन करू’ हे वाक्य संमतिपत्रातच लिहून वाचून दाखवा. ज्या तिघांचे नंबर घेतले त्यांनाही एकदा फोन करून आपण कोण ते सांगा. दोन वर्षांनी अनोळखी आवाजाने भाचीची चौकशी केली तर कोणता मामा पत्ता देईल?

शाळेच्या नव्हे, मुलाच्या मागे जा

यंग लाइव्ह्ज हा अभ्यास 2002 मध्ये इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि भारतात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुरू झाला. त्याने मुलं घरांतून निवडली. त्यामुळे शाळा बदलली, गाव बदललं तरी मूल अभ्यासातच राहिलं. आपण मुलं शाळेतून निवडतो, कारण ते स्वस्त आणि सोपं आहे, आणि मग नकळत शाळेलाच चिकटून राहतो. शाळेने मूल सोडलं की आपणही सोडतो.

म्हणून शाळा कधी बदलते ते आधी बघा. अनेक प्राथमिक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. पाचवीची तुकडी घेतली असेल तर सातवी ते आठवी हा सर्वांत धोक्याचा टप्पा. दहा शाळांतली मुलं एका उन्हाळ्यात चाळीस-पन्नास शाळांत पांगतात. कोणी महापालिकेच्या दुसऱ्या शाळेत जातं, कोणी अनुदानित हायस्कूलमध्ये, कोणी आश्रमशाळेत, कोणी वसतिगृहावर, कोणी मामाच्या गावी. एरवी वर्षभरात चार-पाच टक्के सुटत असतील तर या एका टप्प्यात त्याच्या तिप्पट सुटतील असं धरून वेळ आणि पैसा राखून ठेवा. दर वर्षी सारखा खर्च दाखवणारं बजेट इथेच अपुरं पडतं.

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, साधारण जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे सातवीच्या निकालापासून आठवीच्या पहिल्या दिवसापर्यंत जवळपास दोन महिने मूल कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. या दोन महिन्यांच्या दोन्ही टोकांना तुम्ही हजर असायला हवं.

पहिलं टोक म्हणजे निकालाचा दिवस. त्या दिवशी मूल आणि पालक दोघंही शाळेत येतात. वर्षातला दुसरा कुठलाही दिवस असा नाही. दाराशी टेबल टाकून बसा आणि तीनच प्रश्न विचारा: आता कुठल्या शाळेत टाकणार, उन्हाळ्यात कुठे जाणार, फोन तोच आहे का. एका कुटुंबाला तीन मिनिटं लागतात. मे महिन्यात याच माहितीसाठी घरोघर फिरायचं तर सकाळी दहानंतर नागपुरात उन्हाने बाहेर पाऊल टाकवत नाही.

दुसरं टोक जुलैचा मध्य. तोवर टीसी गेलेल्या असतात. जुन्या शाळेच्या ऑफिसात बाबूंकडे दाखल-खारीज रजिस्टर असतं. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं, पण कारण बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ इतकंच. त्यावर थांबू नका. नव्या शाळेने दाखल्यासाठी पाठवलेलं मागणीपत्र वेगळ्या फाइलला लावलेलं असतं, आणि त्यावर नव्या शाळेचं नाव असतं. आता हे काम बरंचसं सरल आणि यू-डायस प्लस या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलांवर ऑनलाइन होतं. ज्या मुलाला दुसऱ्या कुठल्या शाळेने अजून ओढून घेतलेलं नाही, ते यू-डायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये दिसतं. तिथली नावं म्हणजे तुमची तातडीची यादी. मात्र हे लॉगिन शाळेचं असतं. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने बाबूंनीच बघून सांगावं. पासवर्ड मागून घेणं किंवा स्क्रीनचा फोटो काढणं करू नका, त्याने शाळा अडचणीत येते आणि पुढच्या वर्षी दार बंद होतं.

मधल्या काळात संपर्क तुटू नये म्हणून वर्षातून तीन फोन पुरतात: दिवाळीनंतर, संक्रांतीच्या सुमारास आणि निकालाआधी. संध्याकाळी सात ते साडेआठ, आई घरी असते तेव्हा. काही विचारायचं नाही, नंबर चालू आहे का आणि घर तेच आहे का एवढंच. दिवाळीनंतरचा फोन चुकवू नका, कारण वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं त्याच सुमारास हलतात आणि उन्हाळ्याच्या शेवटीच परततात.

मूल शोधताना: स्वस्तापासून महागापर्यंत

शोधाचा क्रम ठरलेला असावा, म्हणजे सर्व्हेअरच्या मनावर काही राहत नाही. आधी सगळ्या नंबरांवर फोन, प्रत्येकी वेगवेगळ्या वेळी तीनदा. मग तीन बाहेरचे संपर्क. मग जुनी शाळा आणि जुने वर्गमित्र. कोण कुठल्या शाळेत गेलं हे मोठ्या माणसांपेक्षा मुलांना पक्कं माहीत असतं. मग जुन्या घराची भेट. शेवटी नव्या गावाचा प्रवास. प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ आणि काय कळलं ते एका ओळीत लिहायचं. ही वही पुढे विश्लेषणातही लागते.

एक शोध सांगते. कळमना भागात किरायाने राहणारं कुटुंब, वडील मार्केटला हमाल. आठवीच्या फेरीत दोन्ही नंबर बंद. घरमालकीण म्हणाल्या, ‘थे तं दिवाळीतच गेले. कोठं गेले मले मालूम नाही जी.’ गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकानदाराने वहीचं पान उलटून दाखवलं, त्यावर अकराशे रुपयांची उधारी. ‘बुटीबोरीले गेले. मोठ्या पोराले कंपनीत काम लागलं म्हणत होते. तुमाले सापडले तं मले सांगजा मॅडम.’

बुटीबोरी मोठं आहे, एवढ्यावर मूल सापडत नाही. पत्रकावर उमरेडकडच्या मामाचा नंबर होता, आणि पाचवीत त्यांच्याशी एकदा बोलणं झालेलं असल्याने त्यांनी ओळख ठेवली. त्यांनी आधी बहिणीला विचारलं, तिने हो म्हटल्यावर नवा नंबर दिला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलगा ओसरीवर बसून पेपर सोडवत होता आणि आई सांगत होती की नव्या शाळेत त्याला इंग्रजी जड जातंय. एकूण खर्च: सात फोन, कळमन्याला एक फेरी, बुटीबोरीला एक.

दुकानदाराला मी काहीच कळवलं नाही. हे सर्व्हेअरना आधीच सांगून ठेवावं लागतं. कोणी उधारी चुकवून गेलेलं असतं, कोणी बाई मारहाणीतून सुटून मुलांना घेऊन गेलेली असते. आपण माहिती घेतो, देत नाही. सापडलं की नाही, हेही सांगायचं नाही. अभ्यास कशाबद्दल आहे तेही शेजाऱ्यांना सांगायचं नाही, ‘शाळेच्या कामासाठी आलो’ इतकं पुरे. मधल्या माणसाने पत्ता द्यायला काचकूच केली तर आपला नंबर ठेवून यायचं आणि कुटुंबाच्या फोनची वाट बघायची.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याबाबत एकच फरक नीट पाळा: ‘यंदा नको’ आणि ‘पुन्हा येऊ नका’. पहिल्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या सर्व्हेअरने, शक्यतो बाईने, जावं. दुसऱ्याकडे पुन्हा जायचं नाही. मोठ्या रकमेचं आमिष दाखवून हो म्हणवून घेऊ नका. वही-पेन आणि मुलाच्या वेळेचा मान राखणं इतकं चालतं. मूल मोठं होतं तसा त्याचा होकारही नव्याने घ्यावा लागतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वयात तोंडी आणि 12 ते 18 मध्ये लेखी. म्हणजे पाचवीत तोंडी हो म्हटलेल्या मुलीची सही सातवी-आठवीत घ्यायची आहे. काही मुलं तेव्हाच नाही म्हणतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पैसे संपत आले आणि 120 मुलं बाकी आहेत

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. 600 पैकी 480 सापडली, 120 राहिली, आणि सगळ्यांच्या मागे लागण्याइतके पैसे उरलेले नाहीत. अशा वेळी बहुतेक जण जी सोपी दिसतात ती शोधतात: ज्यांचा नंबर लागतो, जी वाडीला किंवा कामठीला गेली, बसने जाता येईल अशी. यातून टक्का वाढतो आणि वाकडेपणा तसाच राहतो, कारण सोपी मुलं आधीच्या 480 सारखीच असतात.

त्याऐवजी 120 मधून 40 नावं चिठ्ठ्या टाकून काढा. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नावासमोर `=RAND()` टाका, आलेले आकडे ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने गोठवा, त्यांच्या क्रमाने यादी लावा आणि पहिली 40 घ्या. उरलेल्या 80 च्या मागे आता जायचं नाही. सगळा पैसा, सगळे दिवस या 40 वर. मूल छिंदवाड्याला असो की बालाघाटला, जायचंच. आणि 40 पैकी एखादं फार अवघड आहे म्हणून त्याच्या जागी 41 वं घ्यायचं नाही. तसं केलं की चिठ्ठ्यांचा अर्थच गेला.

समजा, 40 पैकी 30 सापडली. यातलं प्रत्येक मूल आता स्वतःसकट तीन मुलांच्या वतीने बोलतं, म्हणून विश्लेषणात त्याला 3 चा भार द्यायचा. एकूण पोहोच अशी मोजतात: आधीची 80 टक्के, अधिक उरलेल्या 20 टक्क्यांपैकी 75 टक्के, म्हणजे 15. मिळून 95 टक्के. प्रत्यक्षात आपण 510 मुलांना भेटलो, पण प्रतिनिधित्व 95 टक्क्यांचं मिळालं. 3 च्या भारामुळे अंदाजातली अनिश्चितता थोडी वाढते, ती किंमत मान्य करावी लागते. आणि 40 पैकी 20 च सापडली तर ही पोहोच 90 वर येते आणि भरवसाही तितकाच कमी होतो. म्हणून 40 निवडायची की 25, हे ‘प्रत्येकाच्या मागे शेवटपर्यंत जाता येईल का’ यावर ठरवा.

उरलेल्या गळतीचा हिशेब

ही 30 मुलं हाताशी नसतील तर भाराची दुसरी, स्वस्त पद्धत आहे. समजा, पाचवीत 400 मुलं स्वतःच्या घरात राहत होती आणि 200 किरायाने. आठवीत पहिल्या गटातली 360 सापडली, म्हणजे 90 टक्के. दुसऱ्यातली 120, म्हणजे 60 टक्के. तर स्वतःच्या घरातल्या प्रत्येक सापडलेल्या मुलाला 1 भागिले 0.9, म्हणजे 1.11 भार, आणि किरायाच्या घरातल्याला 1 भागिले 0.6, म्हणजे 1.67. भारासकट मोजलं की पुन्हा 400 आणि 200 होतात. प्रत्यक्षात एका घराच्या प्रश्नाऐवजी पाचवीचे गुण, आईचं शिक्षण, स्थलांतराचा विचार असे काही घटक घेऊन सापडण्याची शक्यता लॉजिस्टिक रिग्रेशनने काढतात आणि तिचा व्यस्तांक भार म्हणून लावतात. तर्क तोच.

या पद्धतीत एक गृहीतक आहे: किरायाने राहणाऱ्यांत जी सापडली नाहीत, ती सापडलेल्या किरायादारांसारखीच आहेत. ते खरं आहे का, हे आपल्या 480 मुलांकडून कधीच कळणार नाही. ते कळतं त्या 30 मुलांकडून. त्यांतली जी किरायाची आहेत त्यांचे आठवीचे गुण आधी सहज सापडलेल्या किरायाच्या मुलांच्या शेजारी ठेवा. जवळपास सारखे असतील तर भारावर विसंबता येईल. बरेच खाली असतील तर निव्वळ भाराने काढलेला निष्कर्ष गोडच असणार, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहावं लागेल.

काही प्रश्नांना भाराचीही गरज नसते, सीमा दाखवता येतात. समजा, दहावीला 540 मुलांचं कळलं आणि त्यांतल्या 459 जणांनी बोर्डाची परीक्षा दिली. 85 टक्के लिहून मोकळं होऊ नका. उरलेल्या 60 पैकी कोणीच बसलं नसेल तर आकडा 76.5 येतो, सगळी बसली असतील तर 86.5. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि कोणत्याही गृहीतकाशिवाय तुम्ही इतकंच म्हणू शकता. या सीमा जवळ आणायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फोन. मूल चाचणीला भेटत नसेल तरी मामाला एवढं विचारता येतं की ते शिकतंय का, कोणत्या वर्गात. त्यासाठी ‘पूर्ण मुलाखत’ आणि ‘फक्त स्थिती कळली’ असे दोन रकाने पहिल्या फेरीपासून वेगळे ठेवा.

रिपोर्टमध्ये प्रत्येक फेरीला 600 पैकी किती, पाच कोडांत कशी विभागलेली, आणि सुटलेल्यांचे पाचवीचे गुण, घर, आईचं शिक्षण सापडलेल्यांच्या तुलनेत कसे, असा एक तक्ता द्या. भाजक नेहमी 600 च राहतो. मागच्या फेरीतल्या मुलांपैकी 96 टक्के भेटली असं लिहिणारे रिपोर्ट वाचनात येतात. ते खोटं नसतं, पण पाच फेऱ्यांचे असे 96 टक्के एकमेकांवर चढले की मूळ यादीतली 18 टक्के मुलं गेलेली असतात.

आणि आठवीत न सापडलेल्या मुलाचं नाव यादीतून काढू नका. नववीत फोन लावा, दहावीत पुन्हा लावा. शाळा सुटलेली मुलं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. त्या फॉर्मच्या दिवसांत जुन्या शाळेत दाखल्याची प्रत घ्यायला स्वतः येतात, आणि बाबूंना आपला नंबर देऊन ठेवलेला असला की तेव्हा फोन येतो.